अंगठ्यात रुतलेली नखाची कूस

पायाच्या अंगठ्याचं नख रुतलं की बहुतेक घरांत आधी गोळ्यांचा शोध सुरू होतो. कडेला लाल दिसतं, दाबलं की पू येतो. म्हणजे जंतू झालेत, आणि जंतू झालेत म्हणजे अँटिबायोटिक घ्यायचं, असा तो हिशेब. पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज थोडी बसते आणि गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात अंगठा पुन्हा ठणकू लागतो. असे दोन-तीन कोर्स झालेले रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. हे दुखणं जंतूंनी सुरू केलेलं नाही, हे त्यांना आधी पटवून द्यावं लागतं. नखाची कड शेजारच्या मांसात घुसलेली असते. ती तिथे आहे तोवर शरीर तिला बाहेर ढकलायची धडपड करत राहतं, आणि लाली, सूज, ठणका हे सगळं त्या धडपडीतून येतं. जंतू नंतर, उघड्या जखमेवर येऊन बसतात. पायात मोडलेला काटा काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी ठणका जात नाही, तसंच हे आहे. फक्त हा काटा आपल्याच नखाचा असतो आणि दर महिन्याला थोडा पुढे सरकत असतो.

नख वाढतं ते मागून, कातडीच्या घडीखाली असलेल्या मुळातून. आपल्याला दिसतो तो कडक पत्रा मुळाने तयार करून पुढे ढकललेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मांसाची कड असते आणि त्या दोन खाचांमधून नख पुढे येतं. नखाचा पुढचा कोपरा मांसाच्या टोकापुढे मोकळा असेल, तर चालताना अंगठ्यावर भार आला तरी मांस नखाच्या खालीच राहतं. तोच कोपरा खोलवर कापून टाकला, तर मोकळ्या झालेल्या जागेत मांस वर उचलून येतं. मग मागून येणारं नख त्या मांसावर जाऊन आदळतं.

कोपरा गोल कापताना आणखी एक गोष्ट होते, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तीच आहे. नेलकटरचं पातं खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. नखाची अगदी कडेची, मांसाखाली दडलेली पट्टी पूर्ण कापली जात नाही आणि तिथे एक टोकदार कूस शिल्लक राहते. वरून बघितलं तर नख छान गोल, स्वच्छ दिसतं. कूस मात्र खाली मांसात टोक रोवून बसलेली असते.

आपल्याकडे शाळकरी मुलांमध्ये हे इतकं का दिसतं, याचं एक कारण आपल्या चांगल्या सवयीतच आहे. सोमवारी शाळेत नखं तपासतात, म्हणून रविवारी आंघोळीनंतर हातांची नखं काढली जातात आणि त्याच बैठकीत पायांचीही. पण हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम दीड. हाताच्या वेळापत्रकाने पायाची नखं कापली तर कापायला काही उरतच नाही आणि कटर कोपऱ्यात खोल शिरतं. त्यात शाळेचे बूट. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीपर्यंत आखूड होतात, पावसात मोजे ओले राहतात, ओल्या कातडीचा टणकपणा जातो आणि घाम असतोच. वाढत्या वयात पायांना घाम जास्त येतो आणि पायही भराभर वाढतो, त्यामुळे बारा ते वीस या वयात ही तक्रार सर्वांत जास्त दिसते. अंगठ्यावर चेंडू किंवा दगड लागणं हेही कारण असतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर नखाकडेला लाल मांस वाढू शकतं. तरुण रुग्णाला मी हा प्रश्न आवर्जून विचारतो, कारण चेहऱ्याच्या गोळीचा पायाशी संबंध असेल हे कुणाच्या मनात येत नाही.

नववीतल्या एका मुलाचं उदाहरण घेऊन पुढचं सांगतो, कारण त्याचे दोन्ही अंगठे एकाच वेळी दोन वेगळ्या टप्प्यांवर होते. फुटबॉल खेळणारा मुलगा. जूनमध्ये उजवा अंगठा दुखू लागला तेव्हा आईने टोचणारा कोपरा काळजीपूर्वक कापून काढला आणि त्याला लगेच बरं वाटलं. हे बरं वाटणंच फसवं असतं. टोचणारं टोक गेल्यामुळे दोन-तीन आठवडे आराम पडतो, पण कूस आता आणखी मागे, आणखी खोल राहिलेली असते. नख पुढे सरकलं की ती पुन्हा टोचते आणि घरचे पुन्हा कोपरा कापतात. ब्यूटी पार्लरमध्ये कोपरे कोरून घेणाऱ्यांचंही हेच चक्र चालतं. तो माझ्याकडे ऑगस्टमध्ये आला तेव्हा उजव्या अंगठ्याच्या आतल्या कडेला डाळीएवढं लालभडक, ओलसर मांस आलं होतं आणि नुसता कापूस लागला तरी रक्त येत होतं. डाव्या अंगठ्याची कड फक्त लाल आणि किंचित सुजलेली होती. दाबलं की तो पाय मागे घ्यायचा, पण पू नव्हता.

"डॉक्टर, तीन कोर्स झाले, तरी हे जातच नाही. आणखी भारी गोळी द्या," आई म्हणाल्या.

"ताई, गोळीने नख बाहेर येत नाही," मी म्हणालो. "डावा अंगठा तुम्ही घरी बरा करू शकाल. उजव्याचं आपण बघू."

डाव्या अंगठ्याला सांगितलेला पहिला उपाय म्हणजे शेक. एक पसरट टब किंवा घमेलं, त्यात घोटा बुडेल एवढं कोमट पाणी. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीला चालेल इतकंच. लिटरभर पाण्याला दीड ते दोन चहाचे चमचे मीठ, म्हणजे शरीरातल्या पाण्याइतपत खारटपणा येतो. मीठ नसेल तर साधं साबणाचं पाणीही चालतं. मिठात काही खास गुण आहे असं नाही. पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. शाळा असेल तर सकाळी, आल्यावर आणि झोपताना. शेकाने नख आणि कडेची कातडी मऊ पडते, साचलेला स्राव निघून जातो, ठणका कमी होतो. कूस मात्र शेकाने निघत नाही. म्हणून नुसते पाय बुडवून उठणाऱ्यांना दोन दिवस बरं वाटतं आणि मग काही फरक नाही अशी तक्रार सुरू होते.

शेकानंतरची दहा मिनिटं जास्त महत्त्वाची, कारण मऊ पडलेलं मांस तेव्हाच बाजूला करता येतं. हात धुवायचे, अंगठा टिपून कोरडा करायचा आणि कान साफ करायच्या कापूस-काडीने नखाकडेचं मांस नखापासून लांब आणि खाली दाबायचं, हळूहळू, सोसवेल एवढंच. मग स्वच्छ कापसाची चिमूट घेऊन ती बोटांत वळायची, तांदळाच्या दाण्याएवढी वात करायची आणि नखाचा कोपरा किंचित उचलून त्याच्याखाली सरकवायची. पहिल्या दिवशी अर्धीच आत जाईल. ती तशीच राहू द्यायची. टोकदार चिमटा, सुई, ब्लेड यांपैकी काही वापरायचं नाही. वात रोज बदलायची, कारण ओला कापूस आत राहिला तर तोच कुजतो. वातीमुळे कोपरा मांसाच्या वर उचललेला राहतो आणि पुढे वाढताना मांसाला न अडता त्याच्यावरून जातो.

वात राहत नसेल तर चिकटपट्टीचा उपाय आहे. अर्धा इंच रुंदीची पट्टी घ्यायची, तिचं एक टोक नखाला अगदी खेटून दुखऱ्या मांसावर चिकटवायचं, पट्टी खाली ओढून मांस नखापासून दूर ताणायचं आणि अंगठ्याच्या तळाखालून तिरकी वर आणायची. अंगठ्याभोवती घट्ट वेढा मारायचा नाही. बोट पांढरं किंवा निळं पडलं तर पट्टी लगेच काढायची. जागा ओली असेल तर पट्टी टिकत नाही, म्हणून हा उपाय सुरुवातीच्या कोरड्या लालीलाच शोभतो.

हळद-तेलाचा गरम चटका, गूळ-चुना, अंगठ्यावर बसवलेलं लिंबू, पाणी न घालता ओतलेलं जंतुनाशक, हे सगळं मी दवाखान्यात पाहिलेलं आहे. यातल्या कशानेही नखाचं टोक हलत नाही, आणि चटक्याने व चुन्याने आधीच सुजलेली कातडी भाजते. नखाच्या मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असंही अनेकजण खात्रीने सांगतात. नख मागून वाढतं, पुढच्या खाचेची मुळाला काही खबर नसते. त्या खाचेने काहीच होत नाही.

डावा अंगठा चौथ्या दिवशी बूट न घालता दुखेनासा झाला आणि दहा दिवसांत लाली गेली. तरीही वात चालू ठेवायला सांगितली, कारण कोपरा जवळजवळ 3 मिलिमीटर आत कापलेला होता आणि महिन्याला दीड या वेगाने त्याला मांसाच्या पुढे यायला दोन महिने लागणार होते. दुखायचं थांबल्यावर वात सोडून देणं हीच घरच्या उपायातली सर्वांत मोठी गळती आहे.

घरी किती दिवस थांबायचं, याचा माझा नियम असा: नीट शेक आणि वात सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत ठणका उतरणीला लागला पाहिजे आणि दोन आठवड्यांत चालणं सुखाचं झालं पाहिजे. तसं झालं नाही तर आणखी शेकण्यात अर्थ नाही. पण काही अंगठे पहिल्या नजरेतच सांगतात की इथे छोटी शस्त्रक्रियाच लागेल. उजव्या अंगठ्यावर त्यातल्या बहुतेक खुणा होत्या. लाल, ओलं, सहज रक्त येणारं मांस नखावर चढलेलं होतं. शरीराने कुशीभोवती उभारलेला हा जखमेचा गठ्ठा कूस गेल्याशिवाय टिकून बसत नाही. कडेचं मांस इतकं जाड झालं होतं की नखाची कड दिसतच नव्हती, मग वात घालणार कशाखाली? आणि तीन महिन्यांत तेच दुखणं तिसऱ्यांदा परतलं होतं. पू सतत येणं, रात्री चादर लागली तरी झोपमोड होणं याही त्याच बाजूच्या गोष्टी.

याहून वेगळी खूण म्हणजे लाली नखाकडेला न थांबता अंगठ्याच्या सांध्यापलीकडे पावलावर पसरणं, लाल रेघ घोट्याकडे चढणं, जांघेत गाठ येणं किंवा ताप. जंतुसंसर्ग पसरल्याच्या या खुणा आहेत. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि अँटिबायोटिकची खरी गरज तेव्हाच असते. नुसत्या रुतलेल्या नखाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. नखाची कड काढली की बहुतेक वेळा पू आपोआप थांबतो.

छोटी शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अख्खं नख उपटणं येतं, आणि ती भीती अगदीच निराधार नाही, कारण अजूनही काही ठिकाणी तेच करतात. मला ते पटत नाही. अख्खं नख काढून मुळाला हात लावला नाही, तर नवं नख त्याच रुंदीचं, त्याच जागी येतं आणि अर्ध्याहून अधिक लोकांचा त्रास परततो. दरम्यान वर्षभर अंगठ्याला नखाचा आधार नसतो. काढायची असते ती फक्त रुतलेल्या बाजूची तीन-चार मिलिमीटरची पट्टी, आणि त्या पट्टीपुरतं मूळ बंद करायचं असतं.

त्या मुलाचं असं झालं. पाठीवर झोपवून अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भूल देणारी इंजेक्शनं दिली. यात सर्वांत जास्त दुखतं ते एवढंच, आणि मी ते आधीच सांगतो. दहा मिनिटं थांबून, टोचलेलं कळत नाही याची खात्री केली. अंगठ्याच्या बुडाशी रबरी पट्टा आवळला, म्हणजे रक्त थांबतं आणि औषध रक्ताने पातळ होत नाही. मग पातळ, चपटं हत्यार नखाखाली सरकवून कडेची पट्टी सोडवली, पुढून मुळापर्यंत सरळ उभी कापली आणि चिमट्याने फिरवत अखंड बाहेर काढली. तिच्या बाजूला 4 मिलिमीटरची टोकदार कूस होती. मुलाने ती हातात घेऊन पाहिली. वाढलेलं लाल मांस खरवडून काढलं. मग जोरकस फिनॉल लावलेली कापूस-काडी मुळाच्या त्या कोपऱ्यात एक-एक मिनिट, असं तीनदा दाबून धरली, म्हणजे तेवढ्या भागातून पुन्हा नख उगवत नाही. आसपासच्या कातडीला फिनॉल लागू नये म्हणून आधीच मलम लावलेलं असतं. शेवटी धुऊन, पट्टा सोडून, ड्रेसिंग. पट्टा सोडायचा राहिला तर बोट जाऊ शकतं, म्हणून ड्रेसिंगच्या आधी तो काढल्याचं मी मोठ्याने म्हणतो आणि सिस्टरही तेच पुन्हा म्हणतात. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. टाका नाही, रात्री मुक्काम नाही. फिनॉल लावलेल्यांत दुखणं परतण्याचं प्रमाण अख्खं नख काढण्याच्या तुलनेत फारच कमी असतं. गरोदरपणी मात्र फिनॉल टाळतात.

पहिला दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा; भूल उतरल्यावर पॅरासिटामॉल बहुधा पुरतं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग भिजवून काढायचं, रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, कोरडं करून नवी पट्टी. पिवळसर पातळ पाणी दोन ते चार आठवडे झिरपत राहतं. फिनॉलने भाजलेल्या जागेचा तो स्राव आहे. त्याला पू समजून पुन्हा गोळ्या सुरू करणारे खूप आहेत. घट्ट, दुर्गंधी स्राव आणि वाढता ठणका असेल तरच काळजी. तो मुलगा तिसऱ्या दिवशी सँडल घालून शाळेत गेला. फुटबॉल महिनाभर बंद होता. नख थोडं अरुंद झालं, पण शेजारी डावा अंगठा ठेवून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

त्याच्या आईंना कापायचं कसं तेही दाखवलं. पायाची नखं महिना-सव्वा महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर पण पुसून. नेलकटरचं पातं गोल असतं, म्हणून एकाच चापात नख काढायचं नाही. एका टोकाने सुरू करून पात्याच्या टोकाने लहान-लहान चावे घेत सरळ रेषेत दुसऱ्या टोकाकडे जायचं. बाजारात सरळ पात्याचं जाड नखांचं कटर मिळतं, ते घेतलं तर उत्तम. पुढे एक-दोन मिलिमीटर पांढरी कड सोडायची आणि दोन्ही कोपरे मांसाच्या वर, डोळ्यांना दिसले पाहिजेत. कोपरा मोज्यात अडकत असेल तर कानशीने नुसती धार मोडायची, आत गोलाई द्यायची नाही. हाताने नख ओढून तोडायचं तर मुळीच नाही, कारण तेव्हा कडेची कूस हमखास मागे राहते. बुटासाठी एक साधी परीक्षा करून घेतली: कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढायची आणि बूट त्यावर ठेवायचा. रेघ बुटाबाहेर डोकावली तर बूट लहान. सर्वांत लांब बोटापुढे सेंटीमीटरभर जागा हवी.

यातलं घरचं काहीच करू नये असे काही लोक असतात. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि शेकताना पाय भाजतो. शिवाय रक्तपुरवठा कमी असेल तर नखाकडेची छोटी चीरही महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांनी कोपरा स्वतः कापू नये, पार्लरमध्ये कोरून घेऊ नये, लाली दिसल्याच्या दिवशीच दाखवावं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी पावलावरची नाडी तपासायला हवी आणि साखरेचे आकडे पाहायला हवेत. चालताना पोटऱ्या भरून येणारे, बिड्या-सिगारेटी ओढणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे यांनीही आधी तसं सांगावं. आणि नखाखाली काळी रेघ किंवा डाग असेल, किंवा कड काढूनही लाल मांस महिन्याभरात बसलं नसेल, तर त्याचा तुकडा तपासायला पाठवावाच लागतो, कारण त्वचेचा कर्करोग क्वचित याच रूपात सुरू होतो. मुलांच्यात नखाखाली कडक उंचवटा लागला तर एक्स-रे काढतात. तिथे हाडाची वाढ नखाला खालून उचलत असते, आणि तेव्हा कडेची पट्टी काढून काही उपयोग होत नाही, ते हाडच घासून काढावं लागतं.